अक्काचे काळे दात

कमलअक्काला राग आला की ती आधी चष्मा काढून पदराला पुसते. चष्मा डोळ्यांवर असेपर्यंत समोरच्याला पळायची संधी असते. एकदा काच पुसून झाली की मग कोणाची खैर नाही. तिच्या ह्या सवयीमुळे बुधवारा मोहल्ल्यातल्या निम्म्या बायका अजून तिच्याशी जपून बोलतात, आणि बाकीच्या निम्म्या बोलतच नाहीत.

ती माझी थोरली बहीण. रावेरहून लग्न होऊन बुऱ्हाणपुरात आली. मेहुणे कागद कारखान्यात होते, त्यांनीच मला तिथं चिकटवलं. तिचा मुलगा लीलाधर शाळेत असतानाच मेहुणे गेले आणि अक्काने ओट्यावर शिलाई मशीन मांडली. चाळीस वर्षं तिने साऱ्या बुधवाऱ्याचे ब्लाउज शिवले. माप घेताना एखादीने पोट आत ओढलं तर अक्का टेप खाली ठेवायची आणि म्हणायची, घरी जाऊन जेवढं सोडणार आहेस तेवढं इथंच सोड. बायका चिडायच्या, पण पुढच्या लग्नसराईला परत तिच्याकडेच यायच्या, कारण अक्काचा ब्लाउज काखेत कधी ओढत नसे.

कात्री जवळ असली तरी दोरा ती दातांनीच तोडायची. कट्‌ असा आवाज यायचा. तिच्या दातांचा तिला फार अभिमान होता आणि तो तिने कमावला होता असं तिला वाटायचं. लाल मंजन बोटावर घेऊन ती असं रगडायची की हिरडीतून रक्त दिसल्याशिवाय तिचं समाधान होत नसे. पुढे सुनेने ब्रश आणून दिला, तर अक्काने बदलून त्यातला सगळ्यांत कडक ब्रश आणवला. भांडी घासतो तसे दात घासायचे, हा तिचा नियम. वर्षानुवर्षांच्या त्या घासण्याने हिरड्या मागे सरकल्या आणि दात लांब दिसायला लागले. म्हातारपणी दात वाढतात, असं ती मला एकदा ठासून म्हणाली होती. मला कुठं काय माहीत होतं, मी मान हलवली.

त्यात सत्तरीत पायांची आग सुरू झाली. डॉक्टरने रात्री घ्यायची गोळी दिली. आग कमी झाली, पण तोंडाला कोरड पडायला लागली. जीभ टाळूला चिकटते म्हणायची. त्यावर तिने स्वतःच उपाय शोधला. ब्लाउजच्या हुकांची रिकामी डबी खडीसाखरेने भरली आणि दिवसभर एक-एक खडा गालात धरून बसायला लागली. खडा विरघळला की दुसरा. सकाळपासून झोपेपर्यंत तोंड गोडच.

गेल्या पावसाळ्यात भाकरीचा काठ चावताना तिची एक दाढ हिरडीपाशीच मोडली. वरचा भाग हातात आला, मूळ आत राहिलं. दुखलं नाही, ठणकलं नाही. अक्का हातातला तुकडा बघत बसली आणि मग तिने चष्मा काढला.

घरातल्यांची तिच्या दातांवर जी सभा भरली, ती आठवली तरी आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. लीलाधर म्हणाला, वय झालं, दात जाणारच. सुनीता, त्याची बायको, म्हणाली की सगळेच काढून कवळी बसवली तर बरं, पुढच्या वैशाखात गायत्रीचं लग्न आहे, फोटो तरी चांगले येतील. नात गायत्री मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, दादी, कवळी एकदम व्हाइट येते. ज्या बाईच्या तोंडाविषयी हे चाललं होतं ती समोर बसली होती. तिला कोणी विचारलं नाही. माणसाचं वय झालं की त्याचे अवयव घरच्यांच्या मालकीचे होतात, असं ह्या लोकांना कोणी शिकवलं, देव जाणे.

मी अक्काला स्कूटरवर बसवलं आणि बहादरपूर रस्त्यावरच्या दीपाली डॉक्टरकडे नेलं. छोटासा दवाखाना, एकच खुर्ची. पोरगी तिशीची, पण घाई नाही. तिने अक्काचे सगळे दात एका टोकदार सळईने एक-एक करून तपासले. हिरडीलगत जिथं मुळं उघडी पडली होती, तिथं पिवळट तपकिरी डाग होते. सळईचं टोक तिथं टेकवलं की किंचित रुतायचं. तिने मला जवळ बोलावून दाखवलं. मऊ चामड्यात सुई रुतावी, तसं.

मग तिने समजावून सांगितलं. दाताच्या वरच्या भागावर कडक कवच असतं, मुळावर ते नसतं. मूळ हिरडीत झाकलेलं राहावं अशीच त्याची रचना. हिरडी सरकली की ते उघडं पडतं, आणि वरचा दात ज्या आंबटपणाला दाद देत नाही तेवढ्यानेही मूळ विरघळायला लागतं. तोंडात लाळ असते तेव्हा ती हा आंबटपणा धुऊन काढते, दाताची झीजही थोडी भरून काढते. आजींच्या तोंडात गोळीमुळे लाळ कमी, आणि खडीसाखर दिवसभर, जंतू त्या साखरेचाच आंबटपणा करतात. कीड मुळाभोवती पसरत जाते, दुखत नाही, आणि एक दिवस दात मुळाशी मोडतो.

अक्काने विचारलं, बाकीचेही जातील का. दीपाली म्हणाली, मोडलेलं मूळ काढावं लागेल, दोन खोल खड्डे सिमेंटने भरावे लागतील. बाकीची कीड अजून वरवरची आहे, ती थांबवता येते, पण ते माझ्यापेक्षा तुमच्या हातात जास्त आहे. तिने जास्त फ्लोराइडची, मऊ मूळ टणक करणारी पेस्ट लिहून दिली, बाजारातल्या साध्या पेस्टपेक्षा पाचपट कडक. ती बुऱ्हाणपुरात मिळाली नाही, इंदूरहून मागवावी लागली. दिवसातून दोनदा, मऊ ब्रशने, हळू हाताने. मुळं कापसाने कोरडी करून तिने त्यांवर छोट्या ब्रशने फ्लोराइडचंच पिवळसर वार्निश लावलं आणि दर तीन महिन्यांनी यायला सांगितलं. त्या दिवशी कडक काही खायचं नाही, ब्रश दुसऱ्या सकाळी. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पण लिहून देणाऱ्या डॉक्टरला कोरडीचं सांगायचं. खडीसाखर मात्र आजपासून बंद, तिच्या जागी घोटघोट पाणी. आणि दातांनी दोरा तोडायचा नाही. ह्या शेवटच्या गोष्टीवर अक्काचा चेहरा सर्वांत जास्त उतरला.

घरी आल्यावर लीलाधरने पेस्टची ट्यूब उलटसुलट करून पाहिली आणि मोबाइल काढला. फ्लोराइड म्हणजे जहर आहे, पाण्यातल्या फ्लोराइडने माणसं वाकडी होतात, असा कुठलासा व्हिडिओ त्याने आम्हांला दाखवला. मी दीपालीला फोन लावून त्याच्या हातात दिला. तिने सांगितलं की वर्षानुवर्षं पाण्यातून पोटात गेलेलं जास्तीचं फ्लोराइड हाडांना बाधतं हे खरं आहे. ही पेस्ट दाताला लावून थुंकायची आहे, गिळायची नाही, आणि लहान मुलांच्या हाती लागू द्यायची नाही. लीलाधर हो हो म्हणाला. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, मामा, ह्या लोकांचं कमिशन असतं. स्वतः तो दुकानात दिवसभर लोकांना पाण्याच्या मोटारी विकतो आणि कमिशन काय असतं ते त्याला चांगलं माहीत आहे.

तीन महिन्यांनी परत गेलो तर दीपालीच्या कपाळावर आठ्या. सळई अजून रुतत होती. एका जागी तर डाग वाढला होता. अक्का म्हणाली, एक दिवस चुकवला नाही, देवाची शपथ. खडीसाखरेची डबीसुद्धा देवळात देऊन टाकली होती, हे मी स्वतः पाहिलं होतं. दीपालीने थोडा विचार केला आणि म्हणाली, आजी, घरी जसं करता तसं इथं करून दाखवा.

अक्काने ब्रश केला. छान, हळू हाताने. मग बेसिनपाशी उभी राहून तिने पेला भरला आणि चुळा भरायला सुरुवात केली. घशापर्यंत खळखळून एक, मग दुसरी, मग तिसरी. पेला संपला, तिने दुसरा भरला. दीपाली चुळा मोजू लागली. शेवटी तिने विचारलं, रोज एवढ्या चुळा भरता का.

"बारा," अक्का म्हणाली. "खरकट्या तोंडानं देवापुढं जाऊ का मी? माझ्या सासूनं मले पहिल्या दिवशी शिकवलं ते."

दीपालीला राग आला. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. ती म्हणाली, तुम्ही तीन महिने औषध लावलंत आणि लगेच पाण्याने धुऊन मोरीत सोडलंत. ती पेस्ट दातावर राहिली तरच काम करते. नुसतं थुंकायचं, चूळ नाही, आणि अर्धा तास पाणीसुद्धा नाही. मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. सांगितलं होतं हे खरं आहे. पण चूळ भरू नका हे वाक्य आमच्या घरातल्या माणसाच्या कानात शिरतच नाही, जसं अंघोळ करा पण पाणी घेऊ नका म्हटलं तर शिरणार नाही.

अक्काने चष्मा काढला. मला वाटलं आता ह्या पोरीचं काही खरं नाही. पण तिने काच पुसली, चष्मा परत लावला आणि रिक्षात जाऊन बसली. घरी पोहोचल्यावर म्हणाली, सुध्या, मी म्हातारी होऊन येडी झाली नई, मले सांगायची पद्धत चुकली तिची. दुसऱ्या सकाळपासून तिने आपला रिवाज स्वतःच बसवला. उठल्यावर साध्या पाण्याने बारा चुळा, अंघोळ, पूजा. मग चहा-नाश्ता. आणि त्यानंतर, देव आटोपल्यावर, औषधाची पेस्ट. थुंकायचं आणि तोंड मिटून मशीनवर बसायचं. रात्री झोपण्यापूर्वी परत तसंच. पहिले काही दिवस तिला मळमळायचं. तोंड बाटल्यासारखं वाटतं म्हणायची. पण एकदा ठरवलं की ती कोणाच्या बापाचं ऐकत नाही, स्वतःच्या जिभेचंही नाही.

पुढच्या खेपेला सळई जरा कमी रुतली; त्याच्या पुढच्या खेपेला ती फिरली तेव्हा आवाज आला. टिक, टिक, काचेवर नख वाजवावं तसा. टोक कुठंच रुतत नव्हतं. दीपाली इतकी खूश झाली की तिने मला आवाज ऐकायला खाली वाकवलं. डाग मात्र आता पिवळे राहिले नव्हते. ते गडद तपकिरी, काही ठिकाणी काळे आणि चकचकीत झाले होते. दीपाली म्हणाली, हीच खूण आहे. चाललेली कीड फिक्कट आणि मऊ असते, थांबलेली काळी आणि टणक. हा रंग आता जाणार नाही, पण दात राहतील. अक्का म्हणाली, मले काय त्यांचं लग्न लावायचंय, काळे तर काळे. आणि हसली. पुष्कळ दिवसांनी तोंड उघडून हसली.

त्या हसण्याने घात केला. घरी सुनीताला ते काळे डाग दिसले. लग्न महिन्यावर आलेलं. ती लीलाधरला म्हणाली, ह्या डॉक्टरणीने पैसे खाऊन आईंचे दात सडवले. लीलाधरने मला फोन केला, मी त्याला सगळं समजावलं, काळं म्हणजे थांबलेलं, दीपालीला विचार, स्वतः जाऊन विचार. तो म्हणाला, मामा, मला डोळे आहेत. जास्त काळे झालेत आणि तुम्ही म्हणता सुधारले. त्याला डोळे आहेत. त्या डोळ्यांनी त्याने आईच्या तोंडात कधी वाकून पाहिलं नव्हतं, एवढंच.

 लीलाधरने आईला सांगितलं की लग्नाआधी दातांची सफाई करून घेऊ, डाग पुसून देतात. अक्का खूश झाली. पोराने आपल्या दातांची काळजी केली ह्याचंच तिला अप्रूप. त्याने तिला गाडीत बसवून एका नव्या चकचकीत दवाखान्यात नेलं, तिथलं नाव मी लिहीत नाही, लिहिलं तर ह्या कागदालाही वास येईल. तिथल्या डॉक्टरने तोंडात दिवा धरला, काळे डाग पाहिले, सळई हातात घेतली नाही, एक्स-रे काढला नाही. लीलाधरने बाहेर संमतीच्या कागदावर सही केली. आईला म्हणाला, "आई, तू फक्त बस. सुई टोचतील, दुखू नये म्हणून. टेन्शन नको घेऊ."

सुईने खालचा जबडा बधिर झाला. अक्काला वाटलं, सफाईला सुई लागत असेल. मग काहीतरी जोरात हललं, हाड दाबल्यासारखं, आणि डॉक्टरच्या चिमट्यात तिला स्वतःचा दात दिसला. समोरचा, खालचा, सुळ्याच्या शेजारचा. ज्याने ती आयुष्यभर दोरा तोडत आली, तो.

तिने डॉक्टरचं मनगट धरलं. बधिर तोंडाने तिला बोलता येईना, पण शिलाई मशीनवर चाळीस वर्षं काढलेला हात तो. डॉक्टर म्हणाला, आजी, हात सोडा, अजून बरेच आहेत. तिने सोडला नाही. दुसऱ्या हाताने तिने ताटलीतला तो दात उचलला, कापसात गुंडाळला, कमरेला खोचला आणि खुर्चीवरून उतरली. रक्त हनुवटीवर येत होतं. लीलाधर मागे मागे पळत बाहेर आला. ती त्याच्या गाडीत बसली नाही. रिक्षा करून थेट माझ्या दारात आली.

मी दार उघडलं तेव्हा तिने तोंड उघडून दाखवलं. मला पहिल्यांदा त्या पोराला चपलेने मारावंसं वाटलं, आणि सत्तरीला टेकलेल्या माणसाला असं वाटतं ह्याची लाजही वाटली नाही. तेवढ्यात लीलाधर आलाच. शर्ट घामाने भिजलेला. आई, तुझ्याच भल्यासाठी केलं, असं काहीतरी तो पुटपुटत होता. लोक काय म्हणतील, वरपक्षाकडची माणसं काय म्हणतील, हेही त्यात होतं.

अक्का माझ्या पलंगावर बसली. बधिरपणा उतरेपर्यंत ती तोंडाला पदर दाबून बसली. मग तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. कमरेचा कापूस सोडून तिने तो दात पाण्याने धुतला आणि लीलाधरच्या तळहातावर ठेवला. मुळाच्या वरच्या बाजूला, जिथं हिरडी असायला हवी होती तिथं, काळा पट्टा होता. गुळगुळीत, चमकणारा.

"नख रुतव त्यात," ती म्हणाली.

लीलाधरने तळहात पुढं करून दात तिलाच परत देऊ पाहिला.

"सडलाय म्हणतोस ना? सडलेल्यात नख जातं. रुतव. मी बघते."

त्याने अंगठ्याचं नख काळ्या डागावर टेकवलं. दाबलं. मग जास्त दाबलं. नख पांढरं पडलं, वाकलं आणि घसरलं. त्याने दात उलटा करून दुसऱ्या बाजूने दाबलं. तिथंही तसंच. तो बराच वेळ दाबत राहिला, जणू कुठंतरी मऊ लागलं तर त्याची सुटका होणार होती. शेवटी त्याचा हात खाली आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अक्काने ते पाहिलं आणि तिला दया आली नाही, हे मी खात्रीने सांगतो, कारण मी तिच्या तोंडाकडेच बघत होतो.

"नऊ महिने लागले मले तो दगडासारखा करायला," ती म्हणाली. "आता घेऊन जा त्याले. तुझाच आहे."